इन्क्युबेटरला किंवा व्यावसायिक संघटनेला ईमेल: आधी सवलत की आधी व्याख्यान?

प्रश्न: आमची छोटी फर्म आहे. स्टार्टअप्सचे हिशेब लिहिणं आणि गुंतवणूक घेण्यापूर्वी त्यांचे कागद नीट करून देणं हे आमचं काम. एकेका फाउंडरला गाठत बसण्यापेक्षा संस्थेमार्फत एकदम बरेच जण भेटतील, म्हणून 40 इन्क्युबेटर आणि संघटनांना ईमेल केला: तुमच्या सभासदांना 20 टक्के सवलत देतो, शिवाय एक मोफत व्याख्यानही देतो. तीन उत्तरं आली. एकाने स्पॉन्सरशिपचं दरपत्रक पाठवलं. एकाने ‘प्रोफाइल पाठवा’ म्हटलं आणि पुढे गप्प. एकाने आमचं नाव त्यांच्या सवलतींच्या पानावर टाकलं, तिथून चार महिन्यांत एकही माणूस आलेला नाही. ईमेल कसा लिहायला हवा होता?

उत्तर:

तुमच्या ईमेलचं काय चुकलं, ते त्या स्पॉन्सरशिपच्या दरपत्रकानेच सांगितलं आहे. मी काही वर्षं एका इन्क्युबेटरमध्ये कार्यक्रमांची आखणी करायचो. असे ईमेल रोज माझ्याकडे यायचे. पुढे स्वतःचा व्यवसाय सुरू केल्यावर तेच ईमेल मला लिहावे लागले, तेव्हा दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

अशा बहुतेक संस्थांत दोन टेबलं असतात. एका टेबलावर कार्यक्रम ठरतात: कोणत्या आठवड्यात कोण बोलणार, कोणत्या फाउंडरला कोणता मार्गदर्शक द्यायचा. दुसऱ्या टेबलावर पैसा येतो: प्रायोजक, स्टॉल, फलकावरचा लोगो. तुमचा ईमेल उघडणारा माणूस पहिल्या दोन ओळी वाचतो आणि तो कुठल्या टेबलाकडे सरकवायचा ते ठरवतो. ‘आमच्या सेवांवर 20 टक्के सवलत’ अशी सुरुवात असली की त्याच्या लेखी तुम्ही विक्रेते. विक्रेत्याला आमच्या सभासदांसमोर यायचं असेल तर त्याने त्याचे पैसे मोजावेत, हा त्यांचा हिशेब आणि तो रास्तच आहे. तुम्ही दोन्ही गोष्टी देऊ केल्या होत्या, पण सवलत आधी लिहिलीत आणि व्याख्यान तिच्या शेपटाला बांधलंत. म्हणून दरपत्रक आलं.

हाच प्रस्ताव उलटा लिहिला तर कार्यक्रमांच्या टेबलावर जातो. पण नुसता क्रम बदलून भागत नाही. त्या टेबलामागच्या माणसाला कसली धास्ती असते ते आधी कळायला हवं.

प्रोग्राम मॅनेजरकडे साठा असतो तो फाउंडरांच्या वेळेचा. बॅच साधारण तीन महिन्यांची. त्यात दर आठवड्याला दोन किंवा तीनच सामूहिक सत्रं बसतात, कारण बाकीचा वेळ त्या लोकांना कंपनी चालवायची असते. एक सत्र फुकट गेलं की वीस-पंचवीस माणसांचा एकेक तास गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले चार जण मॅनेजरच्या दारात उभे. माझ्या वेळची गोष्ट सांगतो. एका वक्त्याचा विषय उत्तम होता, माणूसही जाणता होता. तिसऱ्याच स्लाइडवर त्याने स्वतःच्या कंपनीच्या तीन योजनांचा तक्ता दाखवला आणि पुढची पंचवीस मिनिटं त्यावरच बोलला. त्यानंतर वर्षभर मी ‘मोफत व्याख्यान देतो’ असं लिहिणाऱ्या कुणालाही ओळखीच्या माणसाची शिफारस असल्याशिवाय उत्तर दिलं नाही. त्यात काही चांगली माणसंही गळली असतील. पण दार बंद ठेवायला काही पडत नव्हतं, उघडलं असतं तर मला भोवलं असतं. तुमच्या 37 न आलेल्या उत्तरांपैकी बरीच अशीच असणार. तुमची सवलत कमी वाटली म्हणून ती अडली नाहीत. तुम्ही मंचावरून विकणार नाही याची खात्री त्या ईमेलमध्ये कुठेच नव्हती.

आता सवलतीकडे येऊ, कारण तिथेही गडबड आहे.

संस्थेने आपल्या छताखालच्या कंपन्यांना सोयी स्वस्तात मिळवून द्यायच्या, ही कल्पना इन्क्युबेटरइतकीच जुनी आहे. 1959 मध्ये जोसेफ मॅनक्युसो यांनी अमेरिकेतल्या बटेव्हिया गावात एका बंद पडलेल्या कारखान्याची प्रचंड इमारत लहान लहान उद्योगांना तुकड्यातुकड्याने भाड्याने दिली आणि सोबत कचेरीच्या सामायिक सोयी आणि धंद्याचा सल्लाही देऊ केला. (तिथल्या एका भाडेकरूचा कोंबडीची पिल्लं उबवण्याचा धंदा होता, त्यावरूनच इन्क्युबेटर हे नाव पडलं असं सांगतात.) मात्र आज सवलतींच्या पानावर तुमच्या शेजारी कोण बसलंय ते पाहा. मोठ्या क्लाउड कंपन्या स्टार्टअप्सना भरघोस क्रेडिट फुकट देतात. त्यांच्या रांगेत ‘हिशेबलेखनावर 20 टक्के सूट’ ही ओळ कुणाच्या डोळ्यात भरत नाही. शिवाय फाउंडर ते पान बॅचमध्ये आल्या आल्या एकदा चाळतो. त्या आठवड्यात त्याला सर्व्हर लागतो, हिशेबनीस लागत नाही. हिशेबांची आठवण त्याला तीन-चार महिन्यांनी होते, गुंतवणूकदार कागद मागतो तेव्हा, आणि तोवर ते पान तो विसरलेला असतो. पानावर नाव लागलं म्हणजे संस्थेने तुम्हाला सभ्यपणे वाटेला लावलं, एवढाच अर्थ घ्या. पहिल्या महिन्यात तिथून एकही चौकशी आली नाही, तर पाचव्या महिन्यातही येणार नाही.

आणि 20 टक्के देणं तुम्हाला परवडतं का? तुमच्या कामाचा दर 100 धरा आणि त्यासाठी माणसांचा, साधनांचा खर्च 60. हातात राहतात 40. सवलतीनंतर दर 80 झाला, खर्च मात्र 60 च राहिला, म्हणजे हातात 20. सवलत पाचव्या हिश्श्याची आणि नफा निम्मा. तेवढीच कमाई करायला दुप्पट गिऱ्हाईक सांभाळावं लागेल, आणि तुमचं काम माणसांच्या तासांवर चालतं. त्यात काही संघटना, विशेषतः मोठ्या, आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे वाटा मागतात. तो मूळ दराच्या 10 टक्के असेल तर आणखी 10 गेले, मग तुमच्याकडे उरले 10. माझं मत विचाराल तर वाटा देऊच नका. द्यावाच लागला, तर सभासदांना तो उघडपणे सांगितला जाईल अशी अट घाला. पुढे एखाद्या सभासदाला तो दुसरीकडून कळला तर संघटनाही अडचणीत येते आणि तुम्हीही.

मी स्वतः या खड्ड्यात पडलोय. एका संघटनेला मर्यादा न घालता ‘सर्व सभासदांना सवलत’ लिहून दिलं. आठ महिने शांतता होती. वर्षअखेर आली आणि एकाच महिन्यात अकरा कंपन्या एकदम दारात. कामं उशिरा गेली, तक्रारी संघटनेकडे गेल्या, आणि ज्या कार्यवाहांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता त्यांना सभेत खुलासा करावा लागला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रस्तावात तीन गोष्टी आकड्यांत लिहिलेल्या असतात: किती जणांना, किती दिवसांत, कोणत्या तारखेपर्यंत.

तुमच्या कामात टक्क्यांपेक्षा एक लहान, नेमकं, संपणारं काम देऊ करणं जास्त शहाणपणाचं. उदाहरणार्थ, हिशेबांची पूर्वतपासणी: बॅचमधल्या पहिल्या पाच कंपन्यांचे मागच्या सहा महिन्यांचे हिशेब पाहायचे आणि दहा कामाच्या दिवसांत एका पानावर त्रुटींची यादी द्यायची. एका कंपनीला चार तास धरले तर तुमचे वीस तास गेले. खर्च आधीच माहीत आणि तो वाढू शकत नाही. पुढे ज्यांना नियमित काम द्यायचं असेल त्यांना पहिले सहा महिने 10 टक्के कमी दर. दर 90, हातात 30, म्हणजे तीन गिऱ्हाइकांची कमाई चार गिऱ्हाइकांत होईल. हे झेपण्यासारखं आहे. मॅनेजरच्या दृष्टीनेही ‘20 टक्के सवलत’ ही जाहिरात असते आणि ‘पाच कंपन्यांना त्रुटींची यादी’ ही त्याच्या अहवालात लिहिता येणारी गोष्ट असते.

आता 40 हा आकडा सोडा. सहा संस्था निवडा आणि प्रत्येकीवर अर्धा तास घालवा. त्यांची बॅच कधी सुरू झाली, डेमो डे कधी आहे, मागच्या बॅचमध्ये कोणकोणती सत्रं झाली, मार्गदर्शकांच्या यादीत आधीच कुणी हिशेबवाला आहे का, हे बहुधा त्यांच्या पानांवरच मिळतं. हिशेबवाला असेल तर ती संस्था तूर्त बाजूला ठेवा. त्याच्या पाठीवरून जाऊन तुम्हाला बोलावणं मॅनेजरला अवघड जातं. मग कार्यक्रमांचं काम कोण पाहतं त्याचं नाव शोधा. `info@` च्या पत्त्यावर गेलेला ईमेल त्या माणसापर्यंत पोचला तर नशीब. संस्थेचे प्रमुख हेही बरं दार नव्हे. ते ईमेल खाली ढकलतात आणि खालच्या माणसाला वाटतं की वरून लादलंय.

वेळही पाहा. तुमचा विषय डेमो डेच्या आधी चार-पाच आठवडे सर्वांत कामाचा. तेव्हा फाउंडरला गुंतवणूकदार समोर दिसू लागलेला असतो आणि दुरुस्तीला अवधीही असतो. पण वेळापत्रक बॅच सुरू होण्यापूर्वीच बरंचसं भरतं. म्हणून ईमेल बॅच सुरू होण्याच्या महिनाभर आधी जावा, फार तर पहिल्या आठवड्यात. दहाव्या आठवड्यात पाठवलेल्या उत्तम ईमेललाही ‘पुढच्या वेळी पाहू’ हेच उत्तर मिळतं, आणि पुढच्या वेळी तो कुणाला आठवत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर हा ईमेल लिहिला असता. रिकाम्या जागा आणि आकडे तुमचे खरे घाला.

> विषय: आठवडा 7 साठी सत्र: गुंतवणूकदार हिशेब उघडतात तेव्हा
>
> नमस्कार ______,
>
> तुमच्या नव्या बॅचचा डेमो डे बाराव्या आठवड्यात आहे असं वेळापत्रकात पाहिलं. त्यानंतर काही कंपन्यांकडे गुंतवणूकदार हिशेब मागतील. तेव्हा ज्या चार गोष्टींवर काम अडतं, त्या आधीच कशा ओळखायच्या यावर मी एक तासाचं सत्र घेऊ शकेन: 35 मिनिटं बोलणं, 25 मिनिटं प्रश्न. फाउंडरांनी आपल्या कंपनीचं बँक स्टेटमेंट आणि बिलांची यादी सोबत आणायची. सत्र संपेल तेव्हा प्रत्येकाकडे स्वतःच्या त्रुटींची यादी असेल.
>
> सत्रात आमच्या सेवांची विक्री नसेल. स्लाइड्स आठवडाभर आधी तुम्हाला पाठवीन, नको वाटेल ते काढा.
>
> गेल्या दोन वर्षांत आम्ही 23 स्टार्टअप्सचे हिशेब गुंतवणुकीपूर्वी तपासून दिले. याच विषयावर मी बोललो त्याचं सहा मिनिटांचं रेकॉर्डिंग: ______
>
> सत्रानंतर ______ तारखेपर्यंत येणाऱ्या पहिल्या पाच कंपन्यांची पूर्वतपासणी आम्ही दहा कामाच्या दिवसांत विनामूल्य करून देऊ. त्यांपैकी कुणाला पुढे काम द्यायचं असल्यास पहिले सहा महिने 10 टक्के कमी दर.
>
> सातव्या आठवड्यातला मंगळवार की आठव्यातला गुरुवार? दोन्ही भरलेले असतील तर त्याच सुमाराचा तुम्हाला सोयीचा दिवस कळवा.
>
> ______

एवढ्यावर सही करा आणि तिच्याखाली, थोडं अंतर सोडून, ‘फाउंडरांना पाठवायचा असल्यास मजकूर’ असं लिहून तीन ओळी द्या: सत्राचं नाव, कुणासाठी, सोबत काय आणायचं. मॅनेजर होकार देतो तेव्हा त्याच्यापुढे लगेच एक काम उभं राहतं, बॅचला कळवण्याचं. ते काम तुम्ही आधीच केलेलं असेल तर होकार देणं सोपं जातं. मी मॅनेजर असताना असा तयार मजकूर क्वचितच कुणी पाठवायचं, आणि ज्यांनी पाठवला त्यांची सत्रं मी खरोखरच लवकर लावली. आळस म्हणा हवं तर.

या ईमेलमधलं सर्वांत जड वाक्य ‘नको वाटेल ते काढा’ हे आहे. विक्री करणार नाही असं सगळेच म्हणतात. स्लाइड्स आधी हातात देण्याची तयारी क्वचित कुणी दाखवतं. रेकॉर्डिंगचंही तसंच. तुम्ही कसे बोलता हे न ऐकता तुम्हाला पंचवीस माणसांसमोर उभं करणं म्हणजे जुगार. रेकॉर्डिंग नसेल तर घरी बसून फोनवर सहा मिनिटं बोला आणि तेच पाठवा. देखणं नसलं तरी चालतं, ऐकू नीट यायला हवं. प्रोफाइलची फाइल मात्र जोडू नका. ‘प्रोफाइल पाठवा’ हे उत्तर बहुधा तेव्हा येतं, जेव्हा वाचणाऱ्याला काय ठरवायचं तेच कळलेलं नसतं. ईमेलच्या शेवटी दोन दिवसांतून एक निवडायचा प्रश्न असला की त्याच्यापुढे ठरवायला काहीतरी नेमकं असतं.

‘चार गोष्टी’ म्हटलंय, तर त्या खरंच चार असू द्या आणि सत्रात चारच सांगा. तुमच्या धंद्यात त्या तुम्हाला माहीतच असतील: गिऱ्हाइकाने आगाऊ दिलेली रक्कम उत्पन्नात धरलेली, फाउंडरचा घरखर्च कंपनीच्या खात्यातून गेलेला, बिलांची बेरीज बँकेतल्या जमेशी न जुळणारी, आणि फाउंडरने कंपनीला दिलेल्या पैशांचा कागदच नसलेला. यातली पहिली नीट समजावलीत तरी तास सार्थकी लागतो. बारा महिन्यांची वर्गणी 1,200 एकदम जमा झाली, तर पहिल्या महिन्याचं उत्पन्न 100, बाकीचे 1,100 म्हणजे अजून करून द्यायचं काम. फाउंडर डेकमध्ये 1,200 दाखवतो, गुंतवणूकदाराचा माणूस 100 मोजतो, आणि तिथून पुढे कंपनीच्या प्रत्येक आकड्यावर शंका घेतली जाते. हे ऐकताना खोलीतले दोन-तीन जण फोन काढून स्वतःचं डेक उघडतात. ते तुमचे पुढचे लोक. त्यांना काही विकावं लागत नाही.

आता संघटना. इथे हाच ईमेल जसाच्या तसा पाठवलात तर फसाल, कारण संघटनेचं पोट सभासदांच्या वार्षिक वर्गणीवर चालतं. तिथल्या कार्यवाहांना वर्षातून एकदा प्रत्येक सभासदाला सांगावं लागतं की वर्गणी भरून तुम्हाला काय मिळालं. त्यामुळे सवलतीची ओळ इथे वर येऊ शकते, फक्त ती ‘सभासदांसाठीची सोय’ म्हणून यायला हवी. तुमच्या जाहीर दरापेक्षा ती खरंच वेगळी असली पाहिजे. तीच सूट तुमच्या पानावर सगळ्यांना दिसत असेल तर एखादा सभासद ती शोधून काढतोच, आणि मग कार्यवाहांची पंचाईत.

संघटनेची दुसरी अडचण अशी की तुमच्याच धंद्यातली माणसं तिथे सभासद असतात. त्यांनी वर्गणी भरली आहे, तुम्ही भरलेली नाही. बाहेरच्या फर्मला व्यासपीठ दिलं तर पहिला आक्षेप तेच घेणार. सभासदांची यादी खुली असेल तर आधी पाहा. हिशेबाची कामं करणारे दोन-तीन जण दिसले, तर ‘वर्षभराचं हिशेबलेखन’ देऊ करू नका. गुंतवणुकीपूर्वीची तपासणी एवढंच ठेवा आणि ईमेलमध्ये सरळ लिहा की नियमित हिशेबाचं काम आम्ही संघटनेच्या कोणत्याही सभासदाकडून घेणार नाही. थोडं सोडावं लागतं, पण दार उघडतं. कधी कधी तर तेच हिशेबनीस पुढे तुमच्याकडे माणसं पाठवतात, कारण तपासणीचं काम त्यांना नको असतं.

आणि कार्यवाहांना एकट्याने ठरवता येत नाही, समिती लागते. समिती बहुधा महिन्यातून एकदा बसते. म्हणून इथे ईमेलच्या शेवटी दिवस विचारू नका. असं विचारा: ‘पुढची बैठक कधी आहे? त्यापूर्वी विषयपत्रिकेत घालता येईल असा पाच ओळींचा प्रस्ताव पाठवू का?’ त्या पाच ओळींत तुमच्या गैरहजेरीत उठणाऱ्या प्रश्नांची उत्तरं हवीत: सभासदांना काय, किती जणांना, कोणत्या तारखेपर्यंत, संघटनेला खर्च शून्य, आणि सभासदांची यादी आम्हाला नको. ही शेवटची ओळ विसरू नका. बाहेरचा माणूस यादी नेऊन सगळ्यांना ईमेल पाठवत सुटेल, ही भीती प्रत्येक समितीत कुणी ना कुणी बोलून दाखवतंच.

पाठवण्याबद्दल थोडक्यात. सहा ईमेल असतील तर हातानेच पाठवा, एकेक करून. चाळीस पत्ते बीसीसीत घालून पाठवलेला ईमेल वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो. लहान केलेली लिंक आणि ईमेल उघडल्याची नोंद ठेवणारं साधन, दोन्ही नकोत, त्याने ईमेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते. ईमेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी तुमच्या डोमेनवर आहेत का हे एकदा तपासून घ्या. सोपी रीत: त्या डोमेनच्या पत्त्यावरून स्वतःच्याच जीमेल खात्यावर ईमेल पाठवा, तो उघडून `Show original` पाहा. तिथे दोन्हींपुढे `PASS` दिसायला हवं.

सात-आठ कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच धाग्यात दोन ओळी लिहा, पण ‘माझा ईमेल पाहिलात का’ असं नको. काहीतरी नवं द्या: त्या चार त्रुटींपैकी एकीवर अर्ध्या पानाचं टिपण, फाउंडरांना पाठवलं तर पाठवता येईल असं. त्यानंतर तीन आठवड्यांनी पुढच्या बॅचबद्दल एक ओळ. मग थांबा. तिसऱ्यांदा आठवण करणारा माणूस आत आल्यावरही असाच मागे लागेल, असं मी तरी समजायचो.

होकार आल्यानंतरही गाडी घसरू शकते. सत्राला आलेल्यांची ईमेल यादी मॅनेजरकडे मागू नका, आणि कुणी दिलीच तरी तुमच्या बातमीपत्रात घालू नका. ज्यांना टिपण हवं त्यांनी स्वतः पत्ता लिहावा असा एक कागद किंवा फॉर्म ठेवा आणि त्यावर कशासाठी पत्ता घेतोय ते लिहा. प्रस्ताव शेवटच्या स्लाइडवर एकाच ओळीत, वाचून न दाखवता. सत्र संपल्यावर लगेच निघू नका. पंधरा-पंधरा मिनिटांच्या सहा भेटी त्याच दुपारी ठेवा, एकेका कंपनीला एकेक. पंचवीस जणांत हात वर न करणारा फाउंडर तिथे स्टेटमेंट उघडून दाखवतो. माझी टिकलेली बहुतेक गिऱ्हाइकं या पंधरा मिनिटांतून आली, भाषणातून थेट फार थोडी.

पाच पूर्वतपासण्या झाल्या की मॅनेजरला एक ईमेल पाठवा. कंपन्यांची नावं आणि त्यांचे आकडे अजिबात नकोत, ती त्यांची खाजगी बाब. फक्त एवढं: पाचांपैकी तिघांनी आगाऊ रक्कम उत्पन्नात धरली होती, दोघांकडे फाउंडरच्या कर्जाचा कागद नव्हता, चौघांनी दुरुस्ती सुरू केली आहे. तुमचे जे खरे निघतील ते आकडे. हा ईमेल मॅनेजर आपल्या अहवालात जोडतो आणि पुढच्या बॅचचं वेळापत्रक आखताना तोच उघडतो. त्याच ईमेलच्या शेवटी पुढच्या बॅचचा सातवा आठवडा मागून घ्या.